‘हो’ कुठे पडतो? अर्नाळ्याच्या एका गाण्याची ओळख

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी माझ्या वर्गातल्या एका मुलाने मोबाईलवर एक रेकॉर्डिंग आणून ऐकवलं. त्याच्या पणजीचं. वय ऐंशीच्या पुढे, जन्म अर्नाळा किल्ल्याच्या बेटावरचा, लग्नानंतर किनाऱ्यावर आलेली. शाळेच्या कार्यक्रमात मुलाला कोळीगीत म्हणायचं होतं आणि त्याला वाटलं, आजीला येतंय तेच म्हणू. घरचे हसले. त्यांचं म्हणणं असं, की आजी रेडिओवर ऐकलेलंच गाणं हळूहळू आणि चुकीचं म्हणते. मुलगा माझ्याकडे विचारायला आला: “सर, हे खरं होडीतलं गाणं आहे की रेडिओतलं?”

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. संगीताचा माणूस नाही. तरीही प्रश्नाने मला धरून ठेवलं, कारण घरच्यांची शंका अगदी रास्त होती. ‘मी डोलकर’ आलं, लता मंगेशकर आणि हेमंतकुमारांनी ते घराघरांत पोचवलं, आणि तेव्हापासून कोळीगीत म्हणजे काय हे सगळ्या महाराष्ट्राने रेकॉर्डवरूनच शिकलं. त्या गाण्याचे शब्द शांता शेळकेंचे आणि चाल हृदयनाथ मंगेशकरांची. दोघंही कोळीवाड्यातले नव्हेत, आणि गाणं सुंदर आहे. अडचण एवढीच, की अशा गाण्यांनंतर कुणाच्याही स्मरणातलं कोळीगीत मूळचं की परत आलेलं, हे नुसतं ऐकून सांगता येत नाही. कोळीवाड्यांतही हळदीला हीच गाणी वाजतात.

आजीला पूर्ण गाणं येत नव्हतं. तिला येत होतं फक्त ध्रुपद, आणि मध्ये दोन कडवी, तीही अडखळत. ध्रुपदात वल्हवण्याचं क्रियापद, मग ‘नाखवा’ हा शब्द आणि शेवटी एक लांबवलेला ‘हो’. शब्द पाहिले तर काहीच सिद्ध होत नाही. हे तिन्ही शब्द बाजारातल्या डझनभर कोळीगीतांत सापडतील.

तरी ‘नाखवा’जवळ थोडं थांबतो, कारण माझ्या उर्दूच्या वर्गात हा शब्द दर वर्षी वेगळ्या कपड्यांत येतो. उर्दू शायरीत किश्ती, तूफान आणि साहिल यांच्यासोबत एक ‘नाखुदा’ असतोच. मुलांना वाटतं ‘ना खुदा’, म्हणजे देव नसलेला. तसं नाही. फारसीत ‘नाव’ म्हणजे जहाज आणि ‘खुदा’ म्हणजे इथे मालक, धनी. नावेचा धनी तो नाखुदा. कोलकात्याची प्रसिद्ध नाखुदा मशीद याच शब्दाची. कच्छी मेमन समाजाच्या जहाजवाल्या व्यापाऱ्यांनी ती 1926 मध्ये उभारायला घेतली. आमच्या कोकणी मुसलमानांत नाखवा आणि नाखुदा ही दोन्ही आडनावं आहेत. तोच शब्द कोळ्याच्या जिभेवर घासून ‘नाखवा’ झाला. ‘दर्या’ आणि ‘बंदर’ हे शब्दही फारसीच, ‘सारंग’ हा फारसी ‘सरहंग’पासून आलेला, आणि ‘खलाशी’चं मूळ अरबीत. या किनाऱ्यावर जहाजांची एक सामायिक बोली होती आणि ती इंग्रजांनाही शिकावी लागली. थॉमस रोबक याने 1811 साली कलकत्त्यात तिचा शब्दकोशच छापला. पण शब्द जुना म्हणून गाणं जुनं ठरत नाही. तीनशे वर्षांपूर्वीचा शब्द घालून कुणीही काल गाणं लिहू शकतो.

म्हणून शब्द बाजूला ठेवले आणि ठेक्याकडे वळलो. यासाठी वल्हवताना शरीर काय करतं ते आधी समजून घ्यावं लागलं. मी पाचूबंदरला एका निवृत्त तांडेलांकडे गेलो. त्यांनी अंगणात बसून, हातात काठी धरून मला ते दाखवलं.

वल्हं मारणारा सहसा होडीच्या नाळेकडे पाठ करून बसतो. पुढे वाकून तो वल्ह्याचं पातं पाण्यात घालतो, मग पाय फळीला रोवून सगळं अंग मागे झोकत ओढतो. ओढ संपली की पातं पाण्याबाहेर उचलतो आणि हात पुढे नेत पुन्हा वाकतो. जोर लागतो तो ओढण्यात. उरलेला वेळ परतीचा, आणि त्यातच श्वास आत घेतला जातो. ओढताना श्वास बाहेर पडतो, म्हणून आवाजही तेव्हाच निघतो. चार-सहा जणांची वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडली नाहीत तर पाती एकमेकांवर आपटतात आणि होडी वाकडी जाते. त्यासाठी गाणं. एकजण, बहुतेक वेळा सुकाणूवरचा, ओळ म्हणतो आणि बाकीचे फक्त एक छोटा उद्गार देतात.

यावरून वल्हवायच्या गाण्याची घडण ठरते. ओढणाऱ्याच्या तोंडी लांब शब्द देऊन चालत नाही, कारण तेव्हा त्याचा दम लागलेला असतो. त्याच्या वाट्याला ‘हो’, ‘हैया’ असं उघड्या तोंडाने फेकता येईल ते काहीतरी येतं. शब्दांची ओळ परतीच्या वेळात बसावी लागते. आणि दोन ‘हो’मधलं अंतर होडी ठरवते, गाणाऱ्याच्या लहरीवर ते नसतं. माणसांनी भरलेली जड होडी असेल तर मिनिटाला साधारण चोवीस ते तीस वल्ही बसतात. म्हणजे एका वल्ह्याला दोन ते अडीच सेकंद. याहून जलद गेलं तर माणसं थोड्या वेळात थकतात. फार सावकाश गेलं तर दोन वल्ह्यांच्या मध्ये होडीचा वेगच मरतो.

तांडेल म्हणाले, “मास्तर, गाणं आमी नाय म्हणायचो. होडी म्हणायची, आमी तिच्या मागं.”

घरी येऊन आजीचं रेकॉर्डिंग लावलं आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजलं. एकेक अंतर मोजायला गेलं तर बोट चुकतं, म्हणून पहिल्या ‘हो’पासून तेराव्या ‘हो’पर्यंतचा सगळा वेळ घेतला. बारा अंतरांना 28 सेकंद लागले. म्हणजे एका अंतराला सव्वादोन सेकंदांहून किंचित जास्त, मिनिटाला जवळपास सव्वीस वल्ही. पुन्हा दोनदा मोजलं, एखाद्या सेकंदाचा फरक पडला. हळदीला वाजणारी कोळीगीतं याच रीतीने मोजली तर त्यांत टाळी सेकंदाला जवळजवळ दोन पडते. तो पायांचा ठेका आहे, नाचाचा. त्यावर वल्हं मारायला गेलं तर पातं पाण्यात पोचायच्या आत पुढची टाळी येईल.

इथे मला आनंद झाला आणि लगेच शंका आली. ऐंशीच्या पुढची बाई कोणतंही गाणं हळूच म्हणणार. नाचाचं गाणंही तिच्या तोंडी सावकाश होऊन सव्वादोन सेकंदांवर येऊ शकतं. घरचे हेच तर म्हणत होते.

म्हणून रविवारी मुलासोबत त्यांच्या घरी गेलो. आजी ओट्यावर सुकट निवडत बसली होती. होडीच्या गाण्याचं मी काहीच काढलं नाही. म्हटलं, “आजी, हळदीचं एखादं म्हणा की.” तिने लगेच म्हटलं, आणि टाळी वाजवत म्हटलं. वेग चांगलाच होता. लाऊडस्पीकरवरच्या गाण्यापेक्षा थोडासाच कमी. म्हणजे तिचा आवाज थकलेला असला तरी गती शाबूत आहे. मग ते दुसरं गाणं म्हणायला सांगितलं. टाळी थांबली, हात मांडीवर आले आणि तिने पुन्हा त्याच सावकाश मापात सुरुवात केली. मी परत मोजलं. बारा अंतरं, 27 सेकंद. दोन रेकॉर्डिंगांमध्ये दोन आठवडे गेले होते.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसली, जी मोबाईलवर दिसली नव्हती. गाताना ती डोलत होती, पण आजूबाजूला नव्हे, तर पुढे-मागे. आणि प्रत्येक ‘हो’वर तिचं अंग मागे जात होतं. आधी वाटलं ती वल्हं मारणाऱ्याची नक्कल करतेय. पण तिचे हात स्थिर होते. मग विचारलं, “आजी, तुम्ही कधी वल्हं मारलंय?”

“नाय बा. बायका कशाला मारतील? मी टोपलीजवल बसायची. आयशीबरोबर बाजारला.”

अर्नाळा किल्ला म्हणजे 1737 साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलेला जलदुर्ग, आणि त्याच्या भोवतीची वस्ती. किनाऱ्यावर उभं राहिलं तर तिथली घरं दिसतात, पण मध्ये पाणी आहे. बेटावरून बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला जायचं तर होडी. आजीच्या लहानपणी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आगेमागे, ती होडी वल्ह्यांवर नाहीतर शिडावर चालायची. इंजिनं या किनाऱ्यावर त्यानंतर आली. ती नाळेकडे तोंड करून टोपलीजवळ बसायची. सगळ्यांनी एकदम वल्हं ओढलं की होडी पुढे उसळते आणि बसलेल्या माणसाचं अंग मागे जातं. बस सुटताना आपलं जातं तसं. परतीच्या वेळात होडी जराशी मंदावते आणि अंग पुन्हा सावरतं. आजीचं शरीर वल्ह्याची आठवण सांगत नव्हतं, फळीवर बसलेल्या मुलीची आठवण सांगत होतं. रेडिओवरचं गाणं ऐकून हे येत नाही. मला वाटतं, सगळ्या पुराव्यात हाच सर्वांत बळकट.

तरी दोन कामांची गाणी वगळावी लागली. पहिलं जात्याचं. जात्याचा एक फेराही दोन-अडीच सेकंदांच्या आसपास असतो, आणि आजीने जातं नक्कीच ओढलेलं. पण ओवी एका सलग धाग्यासारखी चालते. म्हणणारी एक किंवा दोघी, आणि त्यांत कुणी उत्तर देणारा समूह नसतो. जात्याच्या फेऱ्यात असा एकच जोराचा झटका नसतो जिथे सगळ्यांनी मिळून ‘हो’ म्हणावं. आजीच्या ध्रुपदात शब्द आणि उद्गार यांची स्पष्ट वाटणी होती. ‘नाखवा’ म्हणताना तिचा आवाज एकटीचा, बारीक. ‘हो’ आला की जाड. जणू ती दोन वेगळ्या माणसांचे आवाज काढत होती.

दुसरं काम म्हणजे ओढण्याचं: जाळं ओढणं, होडी वाळूवर चढवणं. त्यातही समूहाचा उद्गार असतो. पण ते काम सारख्या अंतराने होत नाही. सगळे दम घेतात, एक हाक, एक ओढ, मग थांबणं. जड असेल तर जास्त थांबणं. अंतरं मोजली तर एक तीन सेकंदांचं, दुसरं पाचाचं, तिसरं दोनाचं. आजीची अंतरं तशी नव्हती. रशियातलं जगप्रसिद्ध ‘व्होल्गाच्या नावाड्यांचं गाणं’ याच गैरसमजाचं उदाहरण. बालाकिरेव्हने ते 1866 मध्ये छापलं, आणि नावावरून लोकांना वाटतं वल्ह्याचं आहे. प्रत्यक्षात ते काठावरून दोर खांद्याला लावून पायी चालत जहाज ओढणाऱ्या मजुरांचं.

उलटा सापळा गोव्यात आहे. 1973 च्या ‘बॉबी’ चित्रपटातल्या एका गाण्याचं ध्रुपद ज्या जुन्या कोंकणी गाण्यावरून घेतलंय, त्यात एक कलावंतीण नावाड्याला पैलतीरी सोडायला विनवते. होडी आहे, नावाडी आहे, नदी आहे. पण ती देखणी आहे, नाचाचा प्रकार. शब्द होडीचे, ठेका पायांचा. फक्त ध्रुपदावर विश्वास ठेवला असता तर मीही फसलो असतो.

मग आजीचं गाणं पूर्ण होडीतलं का? नाही, आणि हे त्या मुलाला सांगणं थोडं जिवावर आलं. दोन कडव्यांमध्ये माप बिघडत होतं. पहिल्या कडव्यात नवरीच्या साडीचं वर्णन होतं आणि तिथे ओळी इतक्या लांब की ‘हो’ला जागाच उरत नव्हती, तिने तो दोन ठिकाणी गाळला. परतीच्या सव्वा-दीड सेकंदात ती ओळ मावत नाही. माझ्या मते ती कडवी हळदीच्या गाण्यातली आहेत आणि नंतर कधीतरी इथे येऊन चिकटली. होडीतली कडवी ती विसरली असेल, किंवा ती ठरलेली नसतीलच. पुढे म्हणणारा माणूस समोर दिसेल ते जोडत जातो, अशा गाण्यांची रीतच तशी. शाबूत राहिलं ते ध्रुपद, कारण तेच सगळ्यांच्या तोंडी होतं आणि रोज शंभरदा म्हटलं जायचं.

स्कॉटलंडात याच्या जवळ जाणारी एक गोष्ट घडली होती. 1870 च्या दशकात ॲनी मॅकलाउड नावाची एक तरुणी स्काय बेटावरच्या कोरुस्क सरोवरातून होडीने चालली होती. वल्हं मारणाऱ्यांनी कोकिळेवरचं एक गेलिक गाणं सुरू केलं. तिला त्याची चाल जेवढी आठवली तेवढी तिने नंतर उतरवून ठेवली. पुढे हॅरॉल्ड बोल्टनने त्या चालीवर एका पळून जाणाऱ्या राजपुत्राचं नवं इंग्रजी गीत रचलं, आणि 1884 साली ते छापलं गेलं. ‘स्काय बोट साँग’ म्हणून ते आज जगभर गायलं जातं, कित्येक घरांत तर अंगाई म्हणून. मूळ शब्द गेले. पण त्या चालीत अजून एक लांब झोका आणि त्यामागून एक छोटी परत ऐकू येते. तीही आपल्या आजीसारखी होडीत बसलेली होती, वल्ह्यावर नव्हती.

‘नाखवा’चा एक गुंता मात्र उरला होता. नाखवा म्हणजे होडीचा धनी. मग त्यालाच वल्हव कोण म्हणेल? वल्हं मारणाऱ्यांनी मालकाला हुकूम सोडणं मला पटेना, आणि वाटलं, हे शब्द किनाऱ्यावर कुणीतरी जोडलेले असावेत. तांडेलांना विचारलं तेव्हा ते हसले. छोट्या होडीत धनीही वल्ह्यावर बसतो, ते म्हणाले. आणि तो आळस करत असेल तर गाण्यात त्याला टोचायची मुभा असते, एरवी नसते. यावर मी माझी शंका मागे घेतली. वर्गातही मुलं थेट बोलत नाहीत ते कवितेच्या तासाला बोलून घेतात.

नारळी पौर्णिमेच्या कार्यक्रमात मुलाने फक्त ध्रुपद म्हटलं. त्याने चार मित्र खाली बसवले, हातात झाडूचे दांडे दिले. ट्रॅक लावला नाही. पहिल्या मिनिटाला प्रेक्षकांना वाटलं पोरं विसरली, इतकं ते सावकाश होतं. मागे बसलेल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी ‘हो’ द्यायला सुरुवात केली तेव्हा दांडे एका वेळी खाली पडू लागले.

आजी पहिल्या रांगेत होती. मुलं थांबली, टाळ्या पडल्या, पण तिचं संपलं नव्हतं. तिने एकटीने पुढे तीन ‘हो’ दिले, आधीच्यापेक्षा जोरात, मधलं अंतर वेडंवाकडं: एक लगेच, एक बऱ्याच वेळाने, आणि मग शेवटचा. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण गरज नव्हती. ते वल्ह्याचे नव्हते.

“आता हे काय, आजी?” मुलाने विचारलं.

“वाळू लागली ना,” ती म्हणाली. “आता उतरा आनि ओढा.”